नाव आधी, हकिकत नंतर

तालुक्याच्या कोर्टात उभा जन्म दिवाणी वकिली केलेले एक ज्येष्ठ वकील, आणि एके काळी त्यांच्याच ऑफिसात ज्युनियर असलेली, आता पुण्यात वकिली सांभाळून विधी महाविद्यालयात व्यावसायिक नीतीचा पेपर शिकवणारी वकील, अशा दोघांचं हे बोलणं आहे. तिनं विद्यार्थ्यांसाठी तीन छोटे प्रसंग लिहिले होते. अर्धं पान वाचायचं आणि वकिलानं काय करावं ते दहा मिनिटांत ठरवायचं, अशी तिची पद्धत. तिन्ही प्रसंगांत एकच घर आहे: थोरला भाऊ, धाकटा भाऊ, लग्न होऊन गेलेली बहीण आणि जमिनीत हिस्सा मागणारा चुलतभाऊ. ही माणसं वर्गासाठी रचलेली आहेत, पण अशी माणसं रोज कुठल्या ना कुठल्या कोर्टाच्या आवारात उभी असतात. प्रसंग तपासून द्या म्हणून ती सरांकडे आली, आणि पहिल्याच पानावर दोघांचं वाजलं. मी तिथे होतो. दोघं बोलले तसं लिहितो आहे, मध्येमध्ये माझं मतही देतो आहे.

पहिला प्रसंग असा. चुलतभाऊ संध्याकाळी वकिलाकडे येतो. सातबारा आणि फेरफार दाखवतो, वाटपाचा दावा लावायचाय म्हणतो. बोलता बोलता सांगतो की त्याच्या वडिलांनी साध्या कागदावर घरगुती वाटणीपत्र करून पैसे घेतले होते, त्याची प्रत मात्र समोरच्यांकडे नाही. वकील म्हणतो, त्या कागदामुळे दावा लंगडा पडेल. चुलतभाऊ ‘विचार करून सांगतो’ म्हणून निघून जातो. फी दिलेली नाही, वकीलपत्र झालेलं नाही. पंधरवड्यानं थोरला येतो: ‘चुलतभावानं दुसऱ्या वकिलाकडून दावा लावलाय. आमचं वकीलपत्र घ्या.’

सर : घ्यायला काय हरकत आहे? चुलतभाऊ माझा पक्षकार कधी झालाच नाही. दहा मिनिटं खुर्चीवर बसला, चहा पिऊन गेला. अशा प्रत्येकानं माझे हात बांधायचे ठरवलं, तर तालुक्यात वकिली करायची कुणी? पैसेवाला माणूस एका दिवसात चार चांगल्या वकिलांकडे चक्कर टाकतो, प्रत्येकाला थोडं थोडं सांगतो, आणि समोरच्या गरिबाला वकील उरत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ती : सर, बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला तेहतिसावा नियम बघा. दावा लावण्याच्या संदर्भात ज्यानं कधीही सल्ला दिला असेल, दाव्याचे कागद तयार केले असतील किंवा पक्षकाराचं काम पाहिलं असेल, त्यानं समोरच्या बाजूनं उभं राहायचं नाही. फी घेतली का, वकीलपत्र झालं का, हे तो नियम विचारत नाही. ‘दावा लंगडा पडेल’ हा सल्लाच झाला.

सर : मग मी त्या साध्या कागदाबद्दल उलटतपासात काही विचारणार नाही. त्याचं गुपित माझ्यापाशी राहील, आणि याचं कामही होईल.

ती : मग थोरल्याचं काय? त्याच्या वकिलानं विचारायलाच हवा असा एकमेव प्रश्न तोच आहे. तो विचारलात तर चुलतभावाचा विश्वासघात, नाही विचारलात तर थोरल्याचा. तुमची नियत कितीही साफ असो, ऐकलेलं न ऐकलेलं करता येत नाही.

सर जरा वेळ गप्प बसले. माझ्या मते तीन प्रसंगांचा गाभा याच उत्तरात आहे. हितसंबंधांचा संघर्ष आणि गोपनीयता पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत असतात, ऑफिसात मात्र त्या एकाच गाठीची दोन टोकं. गुपित कानावर पडलं की संघर्ष तयार झाला, आणि नंतर तो सोडवायचा कुठलाही स्वच्छ मार्ग उरत नाही. म्हणून जे करायचं ते ऐकण्याआधी.

सर : बरं, नाही घेत वकीलपत्र. पण चार वकिलांकडे चक्कर मारणाऱ्याचं काय करायचं ते सांग.

ती : दारातच थांबवायचं. आधी नाव, गाव, समोरचा कोण, जमीन कुठली. एवढं कळेपर्यंत हकिकत ऐकायचीच नाही. नुसतं नाव आणि गाव सांगून गेलेल्या माणसाला तुम्ही सल्ला दिलेला नसतो, त्याचं गुपितही तुमच्याकडे नसतं. तेहतिसावा नियम तिथे लागत नाही.

सर : नावावरून काही कळत नाही गं. आमच्या कारकुनाची डायरी तारखेवार असते. शिवाय बाई माहेरच्या नावानं सातबाऱ्यावर असते आणि सासरच्या नावानं माझ्याकडे येते. वही ठेवायची तर गाव आणि गट नंबरावर ठेव. माणसांची नावं बदलतात, गट सहसा तोच राहतो. पोटहिस्सा पडला तरी आकडा ओळखू येतो.

ती : हे माझ्या टिपणात नव्हतं. गाव, गट नंबर, बाईची माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं, आणि सल्ला दिला की नाही ते.

सर : आणि ती वही कारकुनाच्या टेबलावर पडलेली नको. कोण कोणाविरुद्ध विचारायला आलं होतं हेसुद्धा गावात विकलं जातं.

ती : कायद्यानं कारकूनही बांधलेला आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये वकिलाबरोबर त्याचे कारकून, कर्मचारी आणि दुभाषे यांनाही तेच बंधन आहे. २०२४च्या १ जुलैपर्यंत हेच आपण जुन्या पुरावा कायद्यात १२६ आणि १२७ म्हणून वाचत होतो.

दुसऱ्या प्रसंगात असं धरलंय की चुलतभाऊ या वकिलाकडे कधी आलाच नव्हता. त्यानं दावा लावला, आणि थोरला व धाकटा दोघं मिळून आले. एकाच वकीलपत्रावर दोघांच्या सह्या झाल्या. कैफियत दाखल झाली: वाटणी वडिलांच्या हयातीतच झाली आहे. एके दिवशी थोरला एकटा येतो आणि सांगतो, ‘रस्त्याकडेचा प्लॉट माझ्या बायकोच्या नावावर आहे, पण पैसे एकत्रातल्या ऊसबिलाचे होते. धाकट्याला माहीत नाही. तुमच्या कानावर असू द्या.’ तो प्लॉट दाव्याच्या मिळकतीत नाही. पैसा खरंच एकत्राचा असेल, तर धाकटा त्यात हिस्सा मागू शकतो.

सर : मी थोरल्याला बसवून सांगेन की धाकट्याला आज ना उद्या कळणार, तू आपणहून सांग. बहुतेक वेळा माणसं ऐकतात. घर मोडत नाही, खटला वाढत नाही. तालुक्याचा वकील नुसता कागदाचा वकील नसतो, दोन पिढ्यांची वाटणी त्याच्या टेबलावर झालेली असते.

ती : पहिलं पाऊल मलाही तेच हवंय: ‘तू सांग, नाहीतर मला सांगायची स्पष्ट संमती दे.’ पक्षकाराच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलाला तोंड उघडता येत नाही. पण थोरला नाही म्हणाला तर?

सर : तर गप्प बसून काम पुढे चालवायचं. चुलतभावाविरुद्ध दोघांची बाजू एकच आहे. प्लॉटचा वाद कोर्टासमोर नाहीच.

ती : उद्या चुलतभाऊ तडजोडीला आला, तर धाकट्याला काय सल्ला द्याल? किती जमीन सोडायला परवडेल, हे घरात एकूण काय आहे त्यावर ठरतं. तुम्हाला खरा आकडा माहीत आणि धाकट्याला नाही, अशा स्थितीत तुम्ही त्याची सही घेणार. तोही तुमचा पक्षकार आहे, सर.

सर : मग धाकट्याला सांगू?

ती : तेही नाही. दोघांसमोर बोललेलं दोघांमध्ये गुपित नसतं. हे मात्र थोरल्यानं एकट्यानं, विश्वासानं सांगितलंय. राहतो एकच रस्ता. दोघांचंही वकीलपत्र सोडायचं.

सर : दोघांचं? थोरल्याचं तरी ठेवेन. तो माझा जुना पक्षकार आहे.

ती : ज्या दिवशी प्लॉटवरून दोन भावांत दावा होईल, त्या दिवशी धाकटा तुमच्यासाठी समोरची बाजू असेल, आणि त्याच घरच्या वाटणीत तुम्ही त्याच्या वतीनं कैफियत लिहिलेली आहे. सह्या घेताना त्यानं त्याचं कर्ज, त्याचं बायकोशी बिनसलेलं, सगळं तुमच्यापुढे मांडलं असेल. तेहतिसाव्या नियमात पक्षकाराची संमती असली तर चालेल, अशी सोयसुद्धा नाही.

सर : नवा दावा म्हणजे नवं प्रकरण, असं कुणीही म्हणेल.

ती : म्हणेल, आणि नियमाचे शब्द तिथे सैल आहेत हे मी वर्गात मान्य करते. म्हणून मी विद्यार्थ्यांना दाव्याचा नंबर बघू नका म्हणते. पहिल्या कामात जे कळलं ते दुसऱ्या कामात त्याच माणसाविरुद्ध वापरता येण्यासारखं आहे का, ते बघा. इथे आहे.

मग गोष्ट वकीलपत्र सोडण्यावर आली. यातली बारकाई दोघांनाही चांगली ठाऊक होती. बाराव्या नियमाप्रमाणे सोडायला पुरेसं कारण हवं, पक्षकाराला पुरेशी आगाऊ नोटीस हवी आणि न केलेल्या कामाची फी परत हवी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३ नियम ४ प्रमाणे कोर्टाची परवानगी लागते, तोवर वकीलपत्र चालूच राहतं. फी थकली म्हणून कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० साली सांगितलं आहे. तिनं सरांना अर्जाचा मसुदा विचारला. त्यांनी कागद ओढून लिहिलं: ‘प्रतिवादी क्र. १ व २ यांच्यात हितविरोध निर्माण झाल्याने...’ तिनं ती ओळ खोडली.

ती : एवढ्यानंच धाकट्याला कळलं की थोरला काहीतरी लपवतोय. चुलतभावाच्या वकिलाला तर आयतंच सापडलं. ‘व्यावसायिक कारणास्तव काम पाहणे शक्य नाही’ एवढंच लिहा.

सर : कोर्ट विचारेल, कसलं कारण?

ती : सांगायचं की व्यावसायिक नीतीचा प्रश्न आहे, यापेक्षा जास्त सांगता येत नाही.

सर : आणि धाकटा घरी येऊन विचारेल, ‘काका, माझं काय चुकलं?’ त्याला काय सांगू? त्याचं काहीच चुकलेलं नाही. त्याला आता नवा वकील, नवी फी, आणि प्लॉटचा पत्ता नाहीच. तुझ्या नियमानं सगळ्यांत जास्त मार त्यालाच बसला.

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि तिनं तसं सांगितलं. सरांचा हा आक्षेप खरा आहे असं मलाही वाटतं. गोपनीयतेची किंमत पुष्कळदा निर्दोष माणूस मोजतो. पण थोरल्याची गोष्ट धाकट्याला सांगणारा वकील उद्या धाकट्याचीही बाहेर सांगेल, आणि मग वकिलाला खरं कुणीच सांगणार नाही. अर्धवट माहितीवर दिलेला सल्ला दोघांनाही बुडवतो. मी इथे तिच्या बाजूचा आहे. धाकट्याचं नुकसान टाळायची वेळ पहिल्या दिवशी होती, वकीलपत्रावर सह्या होतानाची.

ती : त्या दिवशी दोघांना समोर बसवून सांगायचं: मी दोघांचा वकील. एकट्यानं येऊन सांगितलेलं दुसऱ्यापासून लपवणार नाही. तुमच्यात वाद झाला तर दोघांनाही सोडेन. हे कबूल असेल तर सह्या करा. मराठीत, एका कागदावर, दोघांच्या सह्यांनिशी. चौदावा नियमही वकिलानं सुरुवातीलाच आपले लागेबांधे उघड करावेत असं सांगतो. हा कागद म्हणजे त्याच्या पुढचं पाऊल.

सर : असं सांगितलं तर थोरला एकटा येऊन बोलणारच नाही.

ती : नाही बोलणार, किंवा पहिल्याच दिवशी वेगळा वकील करेल. दोन्ही चालेल.

सर : दोन वकिलांची फी कोरडवाहू शेतकऱ्याला विचार. (थोडं थांबून) पण कागद चांगला आहे. मी करून घेईन.

तिसऱ्या प्रसंगात बहीण येते. २००५च्या दुरुस्तीनंतर तिलाही मुलग्याइतकाच हिस्सा आहे. थोरल्याकडे तिचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे. त्यावरचा अंगठा तिचा नाही, दुसऱ्याच बाईचा आहे. अशी लबाडी वकिलाला तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी कळते, आणि विद्यार्थ्यांनी तिन्हींची उत्तरं वेगळी द्यायची आहेत.

ती : पहिली तऱ्हा. बहिणीनं फिर्याद दिली आहे, थोरला आरोपी आहे. तो म्हणतो, ‘मी दुसऱ्या बाईचा अंगठा घेतला. माझा बचाव करा.’ हे संरक्षित आहे. ‘मी खोटा दस्त केला, माझी बाजू मांडा’ हे कलम १३२ खालच्या उदाहरणातच आहे. काम संपल्यावरही हे बंधन सुटत नाही. मात्र त्याला पिंजऱ्यात उभं करून ‘अंगठा बहिणीचाच’ असं वदवून घ्यायचं नाही. सरकार पक्षाचा पुरावा तपासायचा, ठसेतज्ज्ञाच्या अहवालातल्या उणिवा दाखवायच्या, एवढं करता येतं.

सर : दुसरी मला ठाऊक आहे. ‘अंगठा तिचा नाही, पण दस्त कैफियतीला लावा.’ हे गुपितच होत नाही. बेकायदा हेतू पुढे नेण्यासाठी वकिलाचा वापर चाललाय. लावणारा वकीलही त्यात गेला.

ती : तिसऱ्या तऱ्हेत थोरला काहीच बोलत नाही. फाइल तुमच्याकडे आली तेव्हा घरगुती वाटणीपत्रावर दोन सह्या होत्या. थोरल्यानं कागद पाहायला म्हणून घरी नेला, परत आणला, तर तिथे तिसरा अंगठा आलेला, शाई वेगळी. काम सुरू झाल्यानंतर झालेली लबाडी वकिलानं स्वतः पाहिली, तर तिला संरक्षण नाही. पक्षकारानं बोट ठेवून दाखवली की नाही, याला महत्त्व नाही.

सर : तुझ्या तिन्ही तऱ्हा सुट्या सुट्या आहेत. खऱ्या कामात त्या एकमेकांत मिसळतात. दस्त आणून देताना तो म्हणतो, अस्सल आहे. मी लावतो. सहा महिन्यांनी उलटतपासाच्या आदल्या दिवशी म्हणतो, ‘साहेब, अंगठा तिचा नाही, आता कसं करायचं?’ ही पहिली तऱ्हा की दुसरी?

ती : वर्ग इथे दर वेळी दुभंगतो. माझं मत सांगते. खोटा दस्त पुढे करण्यासाठी त्यानं तेव्हा जे सांगितलं त्याला संरक्षण नाही, कारण तुम्ही अजाण असलात तरी हेतू त्याचा होता. आता ‘यातून कसं सुटू’ म्हणून दिलेली कबुली ही बचावासाठी घेतलेला सल्ला आहे, ती संरक्षित. पण तो ‘उद्या रेटून न्या’ म्हणाला, त्या क्षणी ती दुसऱ्या तऱ्हेत गेली. तुम्ही त्या दस्तावर पुढे एक प्रश्नही विचारायचा नाही. दस्त मागे घे म्हणायचं. ऐकलं नाही तर काम सोडायचं.

सर : आणि ठाण्यातून फोन आला तर? फौजदार म्हणतो, ‘वकीलसाहेब, दस्त तुमच्याच हातून कोर्टात गेला, जरा येऊन जबाब द्या.’ रोजची ओळख. नाही म्हटलं तर त्याला वाटतं मी सामील आहे.

ती : फोनवर एक शब्द बोलायचा नाही. २०२५च्या ऑक्टोबरअखेर सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून घेतलेल्या प्रकरणात हे स्पष्ट झालंय. वकिलांना तपास यंत्रणेचे समन्स गेले त्यावरून ते सुरू झालं होतं. आरोपीच्या वकिलाला प्रकरणाची माहिती काढायला बोलावता येत नाही. कलम १३२ मधल्या अपवादात बसत असेल तरच समन्स, त्यात अपवादाची तथ्यं लिहिलेली हवीत, आणि पोलीस अधीक्षकापेक्षा कमी दर्जाची नाही अशा वरिष्ठ अधिकाऱ्यानं लेखी समाधान नोंदवून संमती दिलेली हवी. त्यालाही आव्हान देता येतं.

सर : म्हणजे फौजदाराला म्हणायचं, लेखी आण.

ती : आणि थोरल्याला कळवायचं. हक्क त्याचा आहे, तुमचा नाही.

सरांनी प्रसंगाची पानं जुळवून तिच्याकडे सरकवली. मग पुन्हा ओढून घेतली.

सर : एक राहिलं. पहिली तऱ्हा धर, पण अजून फिर्याद झालेली नाही. थोरला घाबरून आधीच सल्ल्याला आला आणि सगळं सांगून गेला. आठवड्यानं बहीणच माझ्याकडे आली. दस्ताचा तिला पत्ताच नाही. ‘वाटणीत माझं काय होईल’ विचारते.

ती : गट नंबर विचारायचा, वही बघायची, आणि सांगायचं की मला हे काम घेता येत नाही. तालुका विधी सेवा समितीकडे पाठवा. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

सर : तेवढं करीन. शिवाय सांगेन, दुय्यम निबंधकाकडे जाऊन आधी सर्च घे. दस्त नोंदलेला आहे, सूचीत कुणालाही दिसतो. यात गुपित कुठे आलं?

ती : दस्त सूचीत आहे, पण तिला तिथे पाठवायचं तुम्हाला सुचलं ते थोरल्यानं सांगितलं म्हणून.

सर : वाटणीच्या कामाला येणाऱ्या प्रत्येकाला मी सर्च घ्यायला सांगतो. तीस वर्षं सांगतोय.

ती : ज्याचं काम घेता त्याला सांगता. हिचं घेत नाही आहात. थोरल्याला सल्ला देऊन झाल्यावर हिला दिलेला एक शब्दसुद्धा समोरच्या बाजूला दिलेला सल्ला आहे.

सर : तिला घाबरवत नाही, थोरल्याचं नाव घेत नाही. सर्च घे, एवढंच.

ती : तेवढंच पुरेसं आहे, सर. म्हणूनच नाही.

सर : मी सांगेन.

तिनं पर्समधून पेन काढलं, तिसऱ्या प्रसंगाच्या पाठीमागे ‘प्रसंग ४’ लिहिलं आणि सरांना पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं.